रोख दिलेले पैसे खात्यात परत येतात ते कसे

गेल्या पावसाळ्यात आम्ही राजारामपुरीतल्या आमच्या घरी एका खरेदीच्या ॲपवरून पाच लिटरचा प्रेशर कुकर मागवला होता. वस्तू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत हा सासूबाईंचा नियम असल्यामुळे ऑर्डर देतानाच मी कॅश ऑन डिलिव्हरी हा पर्याय निवडला होता. कुकरचे 2,399 रुपये आणि रोख स्वीकारण्याचे वेगळे शुल्क 29 रुपये, असे एकूण 2,428 रुपये सासूबाईंनी पार्सल घेऊन आलेल्या मुलाच्या हातात मोजून दिले. कुकर वापरायला काढल्यावर मात्र असे दिसले की झाकण भांड्यावर नीट बसत नाही आणि शिट्टी होण्याआधीच कडेने वाफ निघून जाते. ॲपवर तक्रार नोंदवून झाकणाची छायाचित्रे जोडली, तेव्हा बदली कुकर शिल्लक नसल्याचे उत्तर आले आणि पैसे परत घेण्याचा एकच मार्ग उरला. त्या मार्गावरच्या पुढच्याच पानावर बँकेच्या खात्याचा तपशील भरण्यास सांगितले होते.

सासूबाईंनी तिथेच मला थांबवले. "आपण बँकेतून एक रुपयासुद्धा दिलेला नाही, मग त्यांना आपल्या बँकेचा नंबर कशाला हवा?" असे त्या म्हणाल्या. त्यांची शंका अगदी रास्त होती. बँकेचे नाव काढून लुबाडल्याच्या बातम्या घरोघरी ऐकू येत असताना, ज्या व्यवहारात बँक कुठेच नव्हती त्यात ती अचानक का आली, याचे उत्तर मिळेपर्यंत काहीही भरायचे नाही असे आम्ही दोघींनी ठरवले. माझा एक मामेभाऊ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीजवळ एका कुरिअर कंपनीच्या वितरण केंद्रावर हिशेबाचे काम पाहतो. त्याला मी सगळे विचारले, आणि पैशाचा प्रवास त्याने जसा समजावला तसाच इथे मांडते.

दाराशी दिलेली रोकड त्या मुलाच्या पिशवीत इतर घरांतून गोळा केलेल्या पैशांत मिसळते. फेरी संपवून तो केंद्रावर परततो, तेव्हा त्याच्या यादीतील ऑर्डरींची बेरीज आणि पिशवीतील रोकड जुळवून घेतली जाते. मग ती सगळी रक्कम एकत्रितपणे कुरिअर कंपनीच्या खात्यावर भरली जाते. पुढे ठरलेल्या मुदतीने कुरिअर कंपनी आपले वितरणाचे पैसे वळते करून उरलेली रक्कम खरेदी-ॲपच्या कंपनीकडे किंवा थेट विक्रेत्याकडे पाठवते. या संपूर्ण प्रवासात आमच्या ऑर्डरची खूण म्हणून मागे राहते ती एवढीच नोंद, की अमुक क्रमांकाच्या पार्सलचे 2,428 रुपये अमुक तारखेला रोख मिळाले. हे पैसे कोणत्या खात्यातून आले याची नोंद असूच शकत नाही, कारण ते कोणत्याच खात्यातून आलेले नव्हते.

कार्डाने किंवा यूपीआयने पैसे दिले असते तर चित्र वेगळे असते. तिथे प्रत्येक व्यवहाराला क्रमांक असतो आणि त्या क्रमांकामागे पैसे देणाऱ्याचे खाते असते. परतावा करताना कंपनी तोच क्रमांक पुढे करते आणि पैसे ज्या वाटेने आले त्याच वाटेने मागे जातात, म्हणून ग्राहकाला काही विचारावे लागत नाही. रोखीच्या व्यवहाराला अशी परतीची वाट नाही. त्यामुळे ज्याला आपण परतावा म्हणतो ती कंपनीच्या दृष्टीने एक नवीन रक्कम असते, जी तिने आपल्या खात्यातून कोणाला तरी पाठवायची असते; आणि मनीऑर्डर पाठवणाऱ्याला जसा पत्ता लागतो तसा इथे खात्याचा क्रमांक लागतो. ही एक गोष्ट नीट समजली की पुढे कोणती माहिती द्यायची आणि कोणती द्यायची नाही हेही आपोआप ठरते, म्हणून तिच्यावर मी इतका वेळ घेतला.

मग ज्या मुलाने परत न्यायला यायचे त्यानेच रोख का देऊ नयेत, असे सासूबाईंनी मामेभावालाच विचारले. त्याने दोन कारणे दिली. परत नेणारा मुलगा निघताना कंपनीकडून पैसे घेऊन निघत नाही. त्याच्याजवळ असते ती इतर ग्राहकांनी दिलेली रोकड, आणि त्या प्रत्येक रकमेचा संध्याकाळी हिशेब द्यायचा असतो. त्यातून त्याने कोणाला काही दिले तर ती तूट त्याच्या अंगावर येते. दुसरे असे की दारात दिलेल्या रोख परताव्याचा पुरावा कोणाकडेच राहत नाही. ग्राहक मिळाले नाहीत म्हणाला किंवा मुलगा दिले म्हणाला, तर खरे कोणाचे मानायचे हे ठरवता येत नाही. खात्यावर पाठवलेल्या रकमेचा मात्र दोन्ही बँकांत लेख उरतो.

हे पटल्यावर आम्ही पर्याय पाहिले. ॲपवर तीन मार्ग होते: बँक खाते, यूपीआय आयडी आणि त्याच ॲपमधली शिलकीची थैली, जिला तिथे वॉलेट म्हटले होते. वॉलेटच्या पर्यायाखाली 'लगेच' असा शब्द ठळक लिहिलेला होता आणि घाईत असणारा माणूस तोच निवडेल अशी त्या पानाची मांडणी होती. अटी उघडून वाचल्यावर दिसले की वॉलेटमध्ये जमा झालेली परताव्याची रक्कम पुढे बँकेत काढून घेता येत नव्हती. तिच्यातून त्याच ॲपवर खरेदी करावी लागणार होती. ज्यांची तिथे नेहमीच खरेदी असते त्यांना ते सोयीचे असेल. आमच्या बाबतीत पैसे सासूबाईंच्या निवृत्तिवेतनातले होते आणि ते त्यांना पैसे म्हणूनच परत हवे होते. कंपनीने हा पर्याय देण्यात गैर नाही, पण ही मर्यादा ठळक अक्षरांत शेजारी लिहायला हवी होती असे माझे स्पष्ट मत आहे.

पैसे सासूबाईंचे, म्हणून त्यांच्याच खात्याचा क्रमांक द्यावा असे आम्हाला वाटले होते. तिथे पहिली अडचण आली. खातेदाराचे नाव आणि ॲपवर नोंदलेल्या ग्राहकाचे नाव एकच असावे, अशी त्या कंपनीची अट होती, आणि ऑर्डर माझ्या नावाची होती. ग्राहक सेवेतल्या ताईंशी बोलल्यावर त्यांनी कारण सांगितले की कोणी दुसऱ्याच्या ॲपमध्ये शिरून परताव्याचे पैसे स्वतःच्या खात्यावर वळवू नयेत यासाठी ही अट आहे. दाराशी नोटा कोणी मोजल्या हे त्यांच्या नोंदीत नसते. त्यांच्या लेखी ग्राहक म्हणजे जिच्या नावे ऑर्डर आहे ती व्यक्ती. पुण्यातल्या मुलाने गावच्या आईवडिलांसाठी ऑर्डर द्यायची आणि पैसे वडिलांनी दारात द्यायचे, ही रीत आता अनेक घरांत आहे. अशा वेळी परतावा मुलाच्या खात्यात जाण्याची शक्यता मोठी असते, हे वडिलांना आधीच सांगून ठेवलेले बरे. आमच्या घरात प्रश्न नव्हता. पैसे माझ्या खात्यात आले की मी ते सासूबाईंना देणार होते.

माझे खाते कोल्हापुरातल्या एका सहकारी बँकेत आहे, आणि या प्रकारातला खरा शिकण्यासारखा भाग इथून सुरू झाला. फॉर्मवर तीन रकाने होते: खातेदाराचे नाव, खाते क्रमांक आणि आयएफएससी. पासबुकाच्या पहिल्या पानावर छापलेला खाते क्रमांक मी दोनदा भरला, कारण तो रकाना दोनदा भरायचा असतो. आयएफएससी हा अकरा अक्षरांचा असतो. पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे स्थान नेहमी शून्याचे आणि शेवटची सहा शाखेची. पाचव्या जागी इंग्रजी ओ टाइप केला की संकेतांक चुकतो, म्हणून तिथे शून्य आहे ना हे पाहून घेतले. तरीही थोड्या वेळाने ॲपवर 'खाते पडताळता आले नाही' असा संदेश आला.

ही पडताळणी कशी होते ते मला बँकेत गेल्यावर कळले. परताव्याची रक्कम पाठवण्याआधी अनेक कंपन्या त्या खात्यावर एक रुपया पाठवून पाहतात. तो पोचला की खातेदाराचे बँकेत नोंदलेले नाव उत्तरात परत येते आणि ते ग्राहकाच्या नावाशी ताडून पाहता येते. आमचा एक रुपया पोचलाच नव्हता. लक्ष्मीपुरीतल्या शाखेत काउंटरवरच्या साहेबांनी पासबुक पाहिले आणि कारण लगेच सांगितले. पासबुकावर छापलेला क्रमांक शाखेच्या वापरातला, छोटा क्रमांक होता. बाहेरून पैसे यायचे असतील तर त्याच्या आधी शाखेचा आणि खात्याच्या प्रकाराचा संकेतांक व मधली शून्ये जोडून होणारा पूर्ण क्रमांक द्यावा लागतो, आणि तो पासबुकावर छापलेलाच नव्हता. त्यांनी तो एका चिठ्ठीवर लिहून त्यावर शाखेचा शिक्का मारून दिला.

त्यांनी आणखी एक गोष्ट समजावली, जी आपल्या भागातल्या लोकांना विशेष उपयोगाची आहे. काही लहान सहकारी बँका एनईएफटीच्या व्यवस्थेत स्वतः थेट सहभागी नसतात, तर एखाद्या मोठ्या बँकेच्या मार्फत जोडलेल्या असतात. अशा बँकेच्या आयएफएससीची पहिली चार अक्षरे त्या मोठ्या बँकेची असू शकतात. ॲपवर संकेतांक भरल्यावर खाली भलत्याच बँकेचे नाव उमटते, आणि आपण काहीतरी चुकीचे भरले असे वाटून माणूस तो खोडतो. प्रत्यक्षात तोच बरोबर असतो. म्हणून आयएफएससी इंटरनेटवर शोधून भरू नये, आपल्या शाखेकडून घ्यावा किंवा धनादेशावर छापलेला पाहावा. पतसंस्थेतल्या खात्याबाबत तर पतसंस्था आणि बँक यांतला फरक ध्यानात ठेवावा लागतो. पतसंस्था ही बँक नव्हे आणि तिला स्वतःचा आयएफएससी नसतो, त्यामुळे केवळ पतसंस्थेच्या पासबुकावरून असा परतावा घेता येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात ज्यांची सगळी बचत पतसंस्थेतच आहे अशी माणसे पुष्कळ आहेत, आणि त्यांना हा परतावा घ्यायला बँकेतले एखादे खाते लागते.

जुन्या पासबुकांचा आणखी एक धोका त्यांनी सांगितला. 2019 आणि 2020 मध्ये अनेक सरकारी बँकांचे विलीनीकरण झाले. देना आणि विजया या बँका बँक ऑफ बडोदामध्ये गेल्या, सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत गेली, कॉर्पोरेशन आणि आंध्र बँक युनियन बँकेत गेल्या. त्यानंतर या शाखांचे आयएफएससी बदलले. ज्यांच्या कपाटात तेव्हाचे पासबुक आहे त्यांनी त्यावरचा संकेतांक भरला तर तो स्वीकारला जाणार नाही.

पूर्ण क्रमांक भरल्यावर त्याच दिवशी माझ्या खात्यात एक रुपया जमा झाल्याचा संदेश आला आणि ॲपवर खाते पडताळल्याची खूण उमटली. हा एक रुपया पाहून घाबरून जाणारे लोक मी पाहिले आहेत. तो आपल्या खात्यात येतो, खात्यातून जात नाही. आणि पडताळणीसाठी आपल्याला एक रुपया पाठवायला कोणी सांगत असेल तर तो माणूस कंपनीचा नव्हे.

कुकर न्यायला दुसराच मुलगा आला. त्याने मूळ खोके, झाकण, भांडे, रबरी कड आणि हमीपत्र यादीशी ताडून पाहिले, भांड्यावरच्या क्रमांकाचे छायाचित्र काढले आणि पार्सलवर नवी पट्टी चिकटवून ती स्कॅन केली. सासूबाईंनी पैशांबद्दल विचारले तेव्हा तो म्हणाला, "आजी, पैसं माझ्याकडं नसत्यात. माल पोचला की कंपनी खात्यावर टाकतीय." त्याने दिलेली परतीची पोच, म्हणजे मोबाइलवर आलेला 'वस्तू परत घेतली' हा संदेश, मी जपून ठेवला. दाराशी दिलेल्या रोख रकमेची वेगळी पावती आपल्याला सहसा मिळत नाही. ऑर्डरच्या बिलावरची रक्कम, 'पोचवले' ही नोंद आणि परत घेतल्याचा हा संदेश, एवढाच आपला पुरावा असतो.

त्यानंतर वाट पाहणे आले. इथे एक गैरसमज सर्वत्र आहे, तो असा की पैसे बँकेत अडकतात. एनईएफटीचे व्यवहार डिसेंबर 2019 पासून रात्रंदिवस, सुट्टीच्या दिवशीही चालतात. दर अर्ध्या तासाला त्यांचा एक गट पुढे जातो आणि गटाचा निपटारा झाल्यापासून दोन तासांच्या आत पैसे खात्यात जमा व्हायला हवेत किंवा पाठवणाऱ्याकडे परत जायला हवेत. आयएमपीएसने तर ते काही क्षणांत पोचतात. मग ॲपवर लिहिलेले 'पाच ते सात कामाचे दिवस' कशाला लागतात? बहुतेक काळ वस्तू विक्रेत्याच्या गोदामात पोचण्यात, तिथे ती तपासली जाण्यात आणि परताव्याला कंपनीची मंजुरी मिळण्यात जातो. आमच्या ऑर्डरवरही 'परतावा मंजूर' ही पायरी दिसण्यासाठी सगळ्यात जास्त थांबावे लागले. ती दिसल्यावर पैसे यायला काहीच वेळ लागला नाही. म्हणून उशीर होत असेल तर आधी ऑर्डर कोणत्या पायरीवर आहे ते पाहावे. मंजुरीच आली नसेल तर बँकेत हेलपाटे घालून काही हाती लागत नाही.

याच मधल्या काळात मला एक फोन आला. बोलणाऱ्याने माझे नाव आणि कुकर या दोन्ही गोष्टी बरोबर सांगितल्या. परताव्याची रक्कम अडकली आहे, ती सोडवायला मी एक क्यूआर कोड पाठवतो, तो स्कॅन करून यूपीआय पिन टाका, असे त्याचे म्हणणे होते. मी फोन ठेवला आणि त्या क्रमांकाची तक्रार 1930 या सायबर मदतक्रमांकावर नोंदवली. त्याला माहिती कुठून मिळाली हे मला ठाऊक नाही. पण पार्सलच्या खोक्यावरच्या पट्टीवर ग्राहकाचे नाव, पत्ता, ऑर्डर क्रमांक आणि रोख घ्यायची रक्कम छापलेली असते, आणि आपण ते खोके तसेच कचऱ्यात टाकतो. ती पट्टी फाडून टाकणे हे सोपे काम आहे आणि मी आता ते न चुकता करते.

खरी मागणी आणि खोटी मागणी यांतला फरक कुठे आहे हे सासूबाईंना पटवून देताना मी पुन्हा त्या पहिल्या मुद्द्याकडे वळले. पैसे पाठवणाऱ्याला फक्त पत्ता लागतो. खातेदाराचे नाव, खाते क्रमांक आणि आयएफएससी या तीनही गोष्टी आपण देतो त्या प्रत्येक धनादेशावर असतात, आणि नुसत्या त्यांच्या बळावर कोणाला त्या खात्यातून पैसे काढता येत नाहीत. यूपीआय आयडीचेही तसेच आहे. पिन, ओटीपी, कार्डाचा क्रमांक आणि त्यामागचे तीन आकडे, किंवा मोबाइलचा पडदा दुसऱ्याला दिसेल असे ॲप, या सगळ्यांचा उपयोग खात्यातून पैसे बाहेर काढण्यासाठी असतो. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. रोखीच्या परताव्यासाठी तर कार्डाचा क्रमांक विचारण्याचे कारणच नाही, कारण कार्ड या व्यवहारात नव्हतेच. आणि तपशील देण्याची जागाही महत्त्वाची आहे: तो आपण स्वतः उघडलेल्या ॲपमध्ये, त्या ऑर्डरच्या पानावर भरायचा असतो, फोनवर सांगायचा नसतो, संदेशातल्या दुव्यावर उघडणाऱ्या फॉर्ममध्येही नाही.

आमच्या शेजारच्या वहिनींना अशाच एका फोनवरून 'परताव्यासाठी' खाते विचारले गेले होते. त्यांनी तर पार्सल दारातूनच परत पाठवले होते, पैसे दिलेलेच नव्हते. पैसे दिले नसतील तर परतावा हा प्रश्नच उद्भवत नाही. ती ऑर्डर रद्द होते आणि माल विक्रेत्याकडे परत जातो, एवढेच. अशा वेळी बँकेचा तपशील मागणारा प्रत्येक फोन खोटा समजावा, असे मी त्यांना सांगितले.

दाराशी क्यूआर कोड दाखवून पैसे घेण्याची पद्धत आल्यापासून आणखी एक गुंता झाला आहे, आणि मामेभावाच्या केंद्रावर त्यावरून वाद होतात. मुलाच्या यंत्रावर त्या ऑर्डरसाठी कंपनीचा कोड उमटला आणि आपण तो स्कॅन केला, तर व्यवहार ऑनलाइन धरला जातो आणि परतावा आपण पैसे दिलेल्या खात्याकडे परत जाऊ शकतो. पण सुट्टे नाहीत म्हणून मुलाने स्वतःच्या मोबाइलवरचा कोड दाखवला, आपण त्याच्या खात्यावर पैसे पाठवले आणि त्याने केंद्रावर तितकी रोकड भरली, तर कंपनीच्या नोंदीत ती ऑर्डर रोखीचीच राहते. परतावा करताना मग कंपनी खाते मागते आणि ग्राहक म्हणतो की मी तर यूपीआयने दिले होते. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. कोड स्कॅन केल्यावर नाव कोणाचे येते, कंपनीचे की एखाद्या व्यक्तीचे, हे पाहिले तर हा प्रश्न आधीच कळतो.

अखेर माझ्या खात्यात 2,399 रुपये जमा झाले. रोख स्वीकारण्याचे 29 रुपये आले नाहीत. ते शुल्क परत मिळणार नाही असे ऑर्डरच्या अटींमध्ये लिहिलेले होते आणि बिलावर ते वेगळ्या ओळीत दाखवलेलेही होते. सदोष वस्तू पाठवल्यावर हे शुल्क ठेवून घेणे मला अन्यायाचे वाटते आणि मी तसे त्यांना लेखी कळवले. पण ज्यांना परताव्याची रक्कम कमी वाटते त्यांनी तक्रार करण्याआधी बिलावरची ती ओळ पाहावी. पासबुकात ही नोंद शोधतानाही थोडा वेळ गेला, कारण तिथे खरेदी-ॲपचे नाव नव्हते. कंपन्या असे परतावे अनेकदा पैसे पोचवणाऱ्या दुसऱ्या संस्थेमार्फत करतात आणि पासबुकात त्या संस्थेचे नाव उमटते. रक्कम आणि तारीख यांवरून ती नोंद ओळखावी लागली.

ॲपवर 'परतावा पूर्ण' असे दिसते आणि खात्यात पैसे नाहीत, अशी वेळ आली तर कंपनीकडून एकच गोष्ट मागावी, आणि ती म्हणजे व्यवहाराचा संदर्भ क्रमांक. एनईएफटीसाठी त्याला यूटीआर म्हणतात. आयएमपीएसचा क्रमांक बारा आकडी असतो. तो क्रमांक घेऊन शाखेत गेले की बँक ती रक्कम शोधू शकते. नुसते 'पैसे आले नाहीत' एवढे सांगितले तर काउंटरवरचा माणूस काहीच करू शकत नाही, हे त्या साहेबांनी मला कळकळीने सांगितले. रक्कम पोचू न शकल्याने परत गेली असेल तर तेही त्या क्रमांकावरून समजते, आणि मग तपशील दुरुस्त करून कंपनीला ती पुन्हा पाठवायला लावता येते. सगळ्यात कठीण प्रसंग असतो तो चुकलेला क्रमांक दुसऱ्याच कोणाचा तरी निघण्याचा. एनईएफटीमध्ये पैसे खाते क्रमांकावरून जमा होतात, नाव ताडून नव्हे. त्यामुळे जिथे एक रुपयाची पडताळणी होत नाही, तिथे क्रमांक भरताना स्वतःच दुप्पट काळजी घ्यावी लागते.

कंपनी संदर्भ क्रमांकही देत नसेल आणि पैसेही पाठवत नसेल, तर ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 उपयोगी पडतात. त्यांनुसार प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याने तक्रारीची पोच अठ्ठेचाळीस तासांत द्यायची असते आणि एक महिन्यात तिचा निकाल लावायचा असतो. मंजूर केलेला परतावा वाजवी मुदतीत देणेही बंधनकारक आहे. या अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क ॲपवर द्यावाच लागतो, जरी तो शोधायला पानाच्या अगदी तळाशी जावे लागत असले तरी. तिथे दाद लागली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक मदतक्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यापुढे आपल्या जिल्ह्याचा ग्राहक आयोग आहे; कंपनीचे कार्यालय दूरच्या शहरात असले तरी ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार दाखल करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. आमच्यावर ती वेळ आली नाही, पण मी तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल पत्ता तेव्हाच उतरवून ठेवला होता.

पैसे आल्यावर मी ते काढून सासूबाईंच्या हातात दिले, आणि ॲपच्या 'जतन केलेली खाती' या पानावर जाऊन माझ्या खात्याचा तपशील पुसून टाकला. पुढच्या परताव्याला तो पुन्हा भरावा लागेल, आणि त्यासाठी बँकेच्या साहेबांनी दिलेली शिक्क्याची चिठ्ठी पासबुकातच चिकटवून ठेवली आहे.